उंच उडीआधी नीट उतरणं

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते आणि ती कुणासाठी खाली येत नाही. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची मुलं मोबाइलवर उडी वाढवण्याचे कार्यक्रम शोधतात आणि बहुतेकांच्या हाती एकच मंत्र लागतो: रोज दोनशे उड्या मारा. आपल्याकडे बहुतेक कोर्ट सिमेंटची. महिनाभरात उडी होती तिथेच राहते आणि गुडघ्याच्या वाटीखाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी दुखायला लागतं. या दुखण्याचं इंग्रजी नावच ‘जंपर्स नी’ आहे.

उडी किती उंच जाणार हे पाय जमीन सोडतात त्या क्षणाच्या वेगावर ठरतं. चाळीस सेंटिमीटरच्या उडीला सेकंदाला २.८ मीटर वेग लागतो. धावत येऊन मारलेल्या उडीत हा वेग मिळवायला पाय जमिनीवर असतो तो जेमतेम पाव सेकंद. मांडीचे स्नायू आपला पूर्ण जोर लावायला याहून जास्त वेळ घेतात. म्हणजे नुसतं बळ असून भागत नाही, ते चटकन बाहेर यावं लागतं. पण मुळात बळच कमी असेल तर चपळाई आणणार कशात? म्हणून जड वजन आणि उड्या, दोन्ही लागतात. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. वर जाताना जो २.८ चा वेग होता, त्याच वेगाने शरीर खाली येऊन जमिनीवर आदळतं. तो वेग पायांना थोपवता आला नाही, तर पुढची उडी तिथेच अडते. धावत येऊन उडी घेताना तरी काय होतं? आधी शरीराला ब्रेक लागतो, मगच ते वर फेकलं जातं. उतरण्याचा सराव दुखापत टाळण्यासाठी तर आहेच, पण उडीचा पहिला अर्धा भागही तोच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कॉलेजच्या संघातली १८ वर्षांची मुलगी आहे, वजन ६२ किलो. भिंतीला चिकटून उभं राहून हात वर केला की बोटं २२२ सेंमीवर पोचतात. बोटांना खडू लावून जागेवरून उडी मारली की खूण २६२ वर उमटते. म्हणजे उडी ४० सेंमी. खांद्यावर ४५ किलोचा बार घेऊन ती पाच स्क्वॅट नीट काढते. मग तिला ३० सेंमीच्या बॉक्सवरून नुसतं खाली उतरायला सांगायचं आणि मोबाइलवर समोरून चित्रण करायचं. सावकाश चालवून पाहिलं, तर जमीन लागताच उजवा गुडघा आत, डाव्या गुडघ्याकडे वळलेला दिसतो. गुडघा ताठ ठेवून किंवा असा आत वळवून उतरताना गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध कुणाचा धक्का न लागताही तुटू शकतो, आणि मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त घडतं. अशा मुलीला लगेच उड्यांवर घालणं चूक आहे.

पहिले चार आठवडे तिने उतरायला शिकायचं. बॉक्सवरून पाऊल पुढे टाकून खाली यायचं, आधी चवडा टेकवायचा, कंबर मागे, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आणि तीन सेकंद पुतळा. पाच-पाचचे चार सेट, आठवड्यातून दोनदा. हे जमलं की तेच एका पायावर, पण बॉक्स निम्म्या उंचीचा, कारण रिबाउंडनंतर गर्दीत खेळाडू बरेचदा एकाच पायावर उतरतो. परीक्षा कानाची आहे: धप्प आवाज आला की उतरणं कच्चं. त्याच दिवसांत स्क्वॅट आणि रोमेनियन डेडलिफ्ट, आठ-आठचे तीन सेट, शिवाय पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. वजन इतकंच की सेट संपताना आणखी दोनदा जमलं असतं असं वाटावं.

पाचव्या आठवड्यापासून बार जड होतो: पाच-पाचचे चार सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. ही विश्रांती आळस समजून कापली जाते. मग दम वाढतो, बळ वाढत नाही. उड्या वजनाच्या आधी, पाय ताजे असताना मारायच्या. जागेवरून लांब उडी, बॉक्सवर उडी, लहान अडथळ्यांवरून उड्या, मिळून दिवसाला साठ-सत्तर. प्रत्येक उडी पूर्ण जोराची हवी. बॉक्सवर गुडघे छातीशी ओढून चढणारे व्हिडिओ दिसायला छान असतात, पण त्यात बॉक्सची उंची दिसते, उडीची नाही.

शेवटचे चार आठवडे खरे कस लावणारे. १९६० च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी डेप्थ जंप ही पद्धत मांडली: उंचावरून खाली उतरायचं आणि जमीन लागताक्षणी वर उसळायचं. स्नायू आणि कंडरा ताणले जाऊन लगेच आखडतात, त्या ताणाचा फायदा उडीला मिळतो. त्यांचे बॉक्स ७५ आणि ११० सेंमीचे होते, पण ते वर्षानुवर्षं वजन उचललेल्या खेळाडूंसाठी. आपल्या मुलीने ३० वर सुरुवात करायची. पाय जमिनीवर असा टेकावा, जसा तापलेल्या तव्यावर हात. ३० वरून खडूची खूण जिथे उमटते, ती ४० सेंमीच्या बॉक्सवरून खाली घसरली किंवा टाचा जमिनीवर आपटल्या, तर तो बॉक्स तिच्यासाठी उंच आहे. पाच-पाचचे चार सेट पुरे, आणि दोन सत्रांत किमान दोन दिवसांचं अंतर. वजन आता तीन-तीनचे चार सेट, आणखी जड. बाराव्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणायचं. थकवा उतरल्याशिवाय वाढ मोजमापात दिसत नाही.

जागा कोणती? लाकडी कोर्ट उत्तम, रबरी मॅट चालते, सिमेंट टाळावं. जिम्नॅस्टिक्सची जाड गादी मात्र नको, तिच्यात पाय रुततो आणि उसळीच मरते.

वाटीखाली दुखू लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून पाहावं. सरावात थोडं दुखलं आणि सकाळी नेहमीसारखं असेल तर चालू ठेवता येतं. सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर उड्या निम्म्या करायच्या, वजन मात्र सावकाश चालू. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी कमकुवत होते. गुडघा सुजला, अडकला किंवा निसटल्यासारखा वाटला, तर थेट अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

बारा आठवड्यांनी या मुलीची खूण ३ ते ५ सेंमी वर गेली तर कार्यक्रम चांगला झाला असं समजावं. महिन्यात एक फूट वाढवून देणारे खोटं बोलतात. सामन्यांचा हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एकदा जड वजन आणि वीसेक उड्या पुरतात, कारण उरलेल्या उड्या सामन्यातच होतात. आणि प्रशिक्षकांना एक विनंती: उशिरा आलेल्या मुलांना सिमेंटवर बेडूकउड्यांची शिक्षा देणं आता तरी थांबवा.