डिपॉझिट परत हवंय? ईमेल कोणाला, कशासाठी ते एआयला आधी सांगा

भाड्याचं घर सोडून महिना झाला, तरी ६० हजारांचं डिपॉझिट मिळालेलं नाही. ‘घरमालकाला ईमेल लिही’ एवढंच एआयला सांगितलं, तर मसुदा वकिलाच्या नोटिशीसारखा येऊ शकतो. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा. वाचणारे : वयस्कर घरमालक, दोन वर्षांचे चांगले संबंध. हेतू : १५ तारखेपर्यंत पूर्ण रक्कम खात्यात. सूर : आदराचा, पण ठाम.

मसुदा मिळमिळीत वाटला, तर ‘अजून चांगला कर’ म्हणू नका. त्यानं जमलेला भागही बदलतो. ‘सुरुवात तशीच ठेव, शेवटच्या वाक्यातलं “जमल्यास” काढून तारीख घाल,’ असं नेमकं सांगा. पाठवण्यापूर्वी रक्कम आणि तारखा करारनाम्याशी ताडून पाहा. न सांगितलेला तपशील एआय मनानं घालू शकतं.