‘अहो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये घडणारी अठरा मिनिटांची एक शॉर्टफिल्म. काळ साठच्या दशकातला. नवरा वसंत, बायको सुमन, दोन मुलं आणि अधूनमधून गावाहून येणारे सासरे बापू. संवाद मराठी, मला द्यायची होती इंग्रजी सबटायटल्स. पहिला खर्डा मी चार सकाळींत उरकला आणि स्वतःवर खूश झालो. पाचव्या सकाळी सगळं सलग पाहताना कळलं की शेवटच्या प्रसंगाचा मी खूनच केला होता.

झालं असं. सुमन नवऱ्याला फिल्मभर ‘अहो’ म्हणते. ‘अहो, ऐकलंत का’, ‘अहो, जेवायला चला’, ‘अहो, छत्री’. इंग्रजीत ‘अहो’ नाही, म्हणून मी सोयीचा मार्ग धरला आणि तिथं त्याचं नाव टाकलं: व्हॅसंट, व्हॅसंट, व्हॅसंट. एकूण एकोणीस वेळा. आणि शेवटी तो विचारात हरवून रुळांवरून चालला आहे, मागून शंटिंगचं इंजिन येतंय आणि सुमन आयुष्यात पहिल्यांदा ओरडते, ‘वसंत!’ मराठी प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. माझ्या इंग्रजी प्रेक्षकाला ती विसाव्यांदा तीच हाक मारताना दिसणार होती.

घरबसल्या भाषांतराचं काम शोधणाऱ्या, दोन्ही भाषा बऱ्या येणाऱ्या आणि रोज दोन तास हमखास मोकळे असणाऱ्या माणसाला मी आधी हीच गोष्ट सांगतो. शब्दाला शब्द सापडणं हा या कामातला सोपा भाग आहे. मराठीत नाती व्याकरणातच बसलेली असतात, ती इंग्रजीत कुठं ठेवायची, यावर खरा वेळ जातो.

मग मी एकोणीसही नावं काढली. बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी काहीच घातलं नाही, कारण सुमन त्याच्याकडे वळून बोलते आहे हे पडद्यावर दिसतंच. बापू आणि वसंतचे सोबती त्याला नावानं हाक मारतात, तिथं नाव राहू दिलं. म्हणजे नाव प्रेक्षकाला माहीत झालं, फक्त तिच्या तोंडून ते येत नाही. तरी एक अडचण उरली. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत ज्यानं ऐकलेली नाही, त्याच्या हे लक्षात तरी कसं येणार? तळटीप देता येत नाही, सबटायटलला तळच नसतो. पण दिग्दर्शकानं ती सोय आधीच करून ठेवली होती. पाचव्या मिनिटाला हळदीकुंकवात बायका सुमनला ‘नाव घे, नाव घे’ म्हणून घेरतात आणि ती लाजून आत पळते. मी तिथं शब्दशः ‘टेक हिज नेम’ लिहिलं होतं. इंग्रजीत त्याचा अर्थ लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावणं असा होतो! ते बदलून मी लिहिलं:

```
47
00:05:21,000 --> 00:05:22,800
Say his name! In a rhyme!
```

एवढ्यात उखाणा येत नाही, हे मान्य. पण नाव घेणं ही काहीतरी वेगळी, लाजायची गोष्ट आहे एवढं प्रेक्षकाच्या मनात पेरलं जातं, आणि तेरा मिनिटांनी ते उगवतं.

वरच्या तीन ओळी म्हणजे `.srt` फाइलीतलं एक सबटायटल. आधी क्रमांक, मग कधी दिसायचं आणि कधी जायचं त्या वेळा (स्वल्पविरामानंतरचे तीन आकडे सेकंदाच्या हजाराव्या भागाचे), मग मजकूर. दोन सबटायटल्सच्या मध्ये एक रिकामी ओळ. ही फाइल साध्या नोटपॅडमध्येही लिहिता येते, पण `Subtitle Edit` हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरावं. त्यात आवाजाचा आलेख दिसतो आणि मजकूर वाचायला वेळ पुरणार नसेल तर सॉफ्टवेअर तो आकडा लाल करतं.

हा लाल रंगच या धंद्यातला खरा मालक. नेटफ्लिक्सच्या जाहीर नियमांत इंग्रजी सबटायटलसाठी एका ओळीत 42 अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी आणि प्रौढांच्या कार्यक्रमाला सेकंदाला 20 अक्षरं अशी मर्यादा आहे. यात मधल्या जागा आणि विरामचिन्हंही मोजतात. इतर ठिकाणचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात, पण सुरुवातीला हेच डोक्यात ठेवलेले बरे.

आता सुमनचं एक वाक्य घ्या: ‘अहो, ऐकलंत का, बापूंचं पत्र आलंय, उद्या सकाळच्या गाडीनं येताहेत, कुणीतरी स्टेशनवर जायला हवं.’ पोळ्या लाटता लाटता हे सगळं ती साडेतीन सेकंदांत बोलते. मराठी बाईला ते सहज जमतं. माझं पहिलं, काहीही न गाळलेलं इंग्रजी भाषांतर 123 अक्षरांचं झालं. साडेतीन सेकंदांत बसतात 70. म्हणजे जवळजवळ निम्मं वाक्य फेकायचं, आणि काय फेकायचं ते कोशात सापडत नाही, चित्रात सापडतं. पुढचाच शॉट स्टेशनचा आहे, वसंत फलाटावर उभा आहे. म्हणजे स्टेशन गेलं. पत्र तिच्या हाताशी पाटावर दिसतंय, तेव्हा ‘पत्र आलंय’ची लांबण गेली. उरलं ते असं:

```
14
00:03:12,400 --> 00:03:15,900
Listen, Bapu has written.
He's on the early train tomorrow.
```

ही 58 अक्षरं, सेकंदाला साडेसोळाच्या आसपास. प्रेक्षकाला वाचून झाल्यावर सुमनच्या चेहऱ्याकडे बघायला क्षणभर मिळतो. ओळ कुठं मोडली तेही पाहा. पहिल्या ओळीत एक पुरी गोष्ट, दुसरीत दुसरी. पहिली ओळ 42 पर्यंत ठासून भरली असती तर ‘अर्ली ट्रेन टुमारो’ एवढंच तुटून खाली लोंबकळलं असतं.

याच वाक्यात नवख्यांचा हमखास पाय घसरतो. ‘बापू येताहेत’ हे आदरार्थी बहुवचन. मी काही चाचण्या तपासून दिल्या आहेत. त्यांत चांगल्या इंग्रजी शाळांत शिकलेल्या माणसांनीही इथं ‘दे आर कमिंग’ लिहिलेलं पाहिलं. परक्या प्रेक्षकाला वाटतं, बापू म्हणजे एखादी टोळी असावी.

‘आम्ही’ त्याहून अवघड. भांडणाच्या प्रसंगात सुमन म्हणते, ‘आम्ही निघतो.’ यात वसंत नाही, हे मराठी कानाला सांगावं लागत नाही, कारण तो असता तर ती ‘आपण’ म्हणाली असती. इंग्रजी ‘वुई’ला हा फरकच ठाऊक नाही, ‘वुई आर लीव्हिंग’ म्हटलं की वसंतही पिशवी उचलेल असं वाटतं. तिथं मी ‘आय ॲम टेकिंग द चिल्ड्रन’ केलं. सर्वनामातली धार क्रियापदात नेली. भाषांतर म्हणून कुणी त्यात चूक काढेल, पण वसंतचा पडलेला चेहरा त्या वाक्याशी जुळतो.

प्रत्येक गोष्ट अशी वाचवता येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) माणसं मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी बोलतात, कुठं, कुणाशी, कोणती भाषा निवडली जाते यातच अर्धा अर्थ आहे. पडद्याखाली मात्र सगळ्यांचं इंग्रजी एकाच रंगाचं होतं. बोलींचंही तेच. गावाकडच्या मराठीसाठी मोडकंतोडकं किंवा अमेरिकन गुराख्याचं इंग्रजी वापरायचा मोह टाळावा; माणूस अडाणी वाटायला लागतो, आणि तो तसा नसतो. छोटी वाक्यं, साधे शब्द, एवढ्यावर थांबावं.

खर्डा झाला की दोन परीक्षा. पहिली, आवाज बंद करून पूर्ण फिल्म पाहायची. मराठी ऐकू येत असलं की आपलं इंग्रजी आपल्याला नेहमीच पुरेसं वाटतं, कान डोळ्यांना फसवतो. दुसरी, मराठी न येणाऱ्या माणसाला दाखवायची आणि मधे तोंड उघडायचं नाही. माझ्या शेजारच्या तमिळ बाईंना मी दाखवली. फिल्म संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘ती त्याला नावानं हाक मारत नव्हती ना आधी?’ त्यांच्याकडेही जुन्या बायका नाव घेत नसत, त्यामुळे ही परीक्षा थोडी सोपी गेली असावी.

उलट दिशेचं काम, म्हणजे इंग्रजीचं मराठी, बाहेरून सोपं दिसतं. तिथं ‘यू’ उभा राहतो. पहिली ओळ लिहायच्या आधी तक्ता करावा: कोण कुणाला तू म्हणतं, कुणाला तुम्ही, आणि कितव्या मिनिटाला ते बदलतं. मालिकेचे भाग दोघा-तिघांत वाटलेले असतील तर हा तक्ता सगळ्यांकडे एकच हवा. नाहीतर डॉक्टरीणबाई तिसऱ्या भागात नर्सला ‘तुम्ही’ म्हणतात आणि चौथ्यात ‘तू’. मोजणीही फसवी असते. ‘प्रार्थना’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, पण काना, हलन्त सगळं वेगळं धरून संगणक तो नऊ मोजतो. तेव्हा मर्यादा कशी मोजायची, ते काम देणाऱ्याला आधीच विचारावं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून फाइल `UTF-8` मध्ये साठवावी. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम दुसऱ्याच्या पडद्यावर कचरा होऊन उमटतं. आणि ‘ऱ्य’कडे लक्ष असू द्यावं. ‘आचाऱ्यांना बोलवा’चं ‘आचार्यांना बोलवा’ झालं की स्वयंपाकघरात पंडित येतात.

पैसे सहसा चित्राच्या मिनिटावर ठरतात, तुमच्या तासांवर नाही. म्हणून दर ऐकण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: वेळा टाकलेली फाइल मिळणार की त्याही आपणच टाकायच्या, आणि फिल्म पुन्हा कापली तर फेरकामाचं काय. अठरा मिनिटांच्या या फिल्मला 214 सबटायटल्स झाली आणि मला रोज दोन तासांप्रमाणे आठ दिवस लागले. वेळा मीच टाकल्या होत्या. सराव हवा असेल तर टेडच्या भाषणांचं भाषांतर स्वयंसेवक करतात. पैसे मिळत नाहीत, पण दुसरा माणूस तुमचं काम तपासतो.

फेरकामाचा प्रश्न मी उगाच काढला नाही. महिन्याभरानं दिग्दर्शकाचा फोन आला, ‘सबटायटल्स हलली आहेत.’ सगळी सारखीच पुढेमागे झाली असतील तर सुरुवातीची काही सेकंदं कापलेली असतात, एका फटक्यात सगळी सरकवली की झालं. इथं पहिलं बरोबर होतं आणि चूक वाढत वाढत शेवटी 43 सेकंदांवर गेली होती. म्हणजे सेकंदाला 24 चौकटींची फिल्म कुणीतरी 25 वर पळवली होती. सॉफ्टवेअरमध्ये तो वेग बदलला आणि 213 सबटायटल्स जागेवर आली.

उरलेलं एक हातानं लावलं. सुमनची हाक जेमतेम अर्ध्या सेकंदाची, पण सबटायटल निदान 20 चौकटी तरी दिसायला हवं, नाहीतर डोळ्याला नुसती लुकलुक जाणवते. ते हाकेनंतर वाढवता येत होतं, हाकेआधी नाही, कारण तिचं तोंड उघडायच्या आत नाव दिसलं तर सगळंच गेलं. तीन चौकटी लवकर येत होतं. ते ओढून नेमकं ‘व’वर ठेवलं.