आधी एप्सिलॉन, मग N

१/२, २/३, ३/४… n/(n+१) ही क्रमिका १ कडे जाते, हे दिसतेच. सिद्धता मात्र पैजेसारखी असते. समोरच्याने ε ही कितीही लहान धन संख्या द्यावी. आपण असा N सांगावा, की N पासून पुढचे प्रत्येक पद १ पासून ε पेक्षा कमी अंतरावर असेल.

हे अंतर १ − n/(n+१), म्हणजेच १/(n+१). म्हणून १/ε इतका किंवा त्याहून मोठा पूर्णांक N घ्या. मग n ≥ N असताना १/(n+१) < १/N ≤ ε.

ε = ०.०१ दिला तर N = १०० पुरतो. ९९ वे पद नेमके ०.०१ अंतरावर असते, म्हणून ते चालत नाही. सर्वात लहान N शोधायचा हट्ट नको; २०० घेतला तरी सिद्धता तितकीच पक्की. मात्र सगळ्या ε ना पुरेल असा एकच N मिळणार नाही, कारण या क्रमिकेचे एकही पद १ ला टेकत नाही.