स्टेरॉइड सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगा: मी वावरात अनवाणी राबतो



ओल्या वावरात अनवाणी पाणी देताना स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या बारीक जंताची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरू शकते. हा जंत पोटातच पिलावळ वाढवतो, म्हणून काहीच त्रास न देता वर्षानुवर्षं मुक्काम करतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांच्या पोटात तो तीस वर्षांनीही सापडला.

आता समजा, तुम्हाला दम्यासाठी प्रेडनिसोलोन सुरू झालं. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते आणि जंत मोकाट सुटतो. अळ्या आतडं भेदून फुप्फुसात जातात, सोबत आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. पोटदुखी, उलट्या, धाप, ताप सुरू होतो. दमाच वाढला समजून डोस वाढवला तर जिवावर बेततं. पोटा-मांडीवर खाजरी, सरकत जाणारी लाल रेघ दिसली तर ती याची खूण. सांधेदुखीच्या खुल्या पुडीतही स्टेरॉइड असू शकतं बरं!

‘मी तं जंताची गोळी घेतली’ म्हणाल. अल्बेंडाझोलची ती एक गोळी याला पुरत नाही. याचं औषध आयव्हरमेक्टिन, तेही डॉक्टर वजन पाहून देतात. गोठ्यातलं इंजेक्शन माणसासाठी नाही. एका शौच तपासणीत हा जंत निसटतो, म्हणून रक्ततपासणीचंही विचारा.

चालू स्टेरॉइड मनानं एकदम बंद करू नका. धाप-उलट्या असतील तर त्याच दिवशी अमरावतीला इर्विनमध्ये जा, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.