स्वप्नाच्या टिपणापासून गद्यापर्यंत

दुय्यम संस्करण: तुटक स्वप्नाला मन परस्पर संगती लावते, त्या प्रक्रियेला फ्रॉइडने दिलेले नाव. त्याचा स्वप्नमीमांसेवरचा ग्रंथ १८९९च्या नोव्हेंबरात निघाला. छापील वर्ष मात्र १९००.

टिपण: ‘आजीचं घर, पण शाळा. ओले बूट. घंटा.’

गद्य: ‘मी आजीच्या घरात होतो आणि ती शाळाही होती. ओले बूट होते. घंटा वाजली.’ क्रियापदे आणि ‘मी’ नवे, घटना टिपणातल्याच. घर आणि शाळा एकच असल्याची विसंगती तशीच ठेवली आहे.

भर कुठे पडते: ‘घंटा वाजली म्हणून मी धावलो’ यातले धावणे टिपणात नाही. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तेवढ्यात’ हे शब्द आधी तपासावेत. जोडकाम बहुधा तिथेच सापडते. पडताळणीसाठी मूळ टिपण तारखेसह, न खोडता ठेवतात.