अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे काय?

दहाव्या आठवड्यानंतर आईचे थोडे रक्त घेऊन गर्भाच्या गुणसूत्रांची चाचणी करता येते. तिच्या रक्तात डीएनएचे बारीक तुकडे असतात. त्यांपैकी साधारण दहावा हिस्सा गर्भाचा म्हणतात. खरे तर तो वारेतून आलेला असतो. एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे प्रमाणाबाहेर दिसले, की डाऊन सिंड्रोमची शंका येते.

मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे. पंचविशीतल्या एका गर्भवतीचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तेव्हा घाबरलेल्या घरच्यांना मी हिशेब मांडून दाखवला. समजा, तिच्या वयाच्या १०,००० गर्भवतींपैकी १० जणींच्या बाळांत हा दोष आहे. चाचणी बहुधा त्या दहाही जणी पकडते. पण उरलेल्या ९,९९० जणींत हजारी एक चूक झाली, तरी आणखी दहा अहवाल पॉझिटिव्ह येतात. म्हणजे वीसांपैकी दहाच खरे! वयाच्या चाळिशीत दोषाचे प्रमाण वाढते, म्हणून तिथे पॉझिटिव्ह अहवाल बहुधा खरा ठरतो.

कधी दोष वारेत असतो, बाळात नसतो. म्हणून पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून खात्री करावी. त्याआधी गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. हृदयातील छिद्र किंवा दुभंगलेला ओठ या चाचणीत कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफी हवीच.