गल्लीतील लीगचा न्याय वेळापत्रकात ठरतो : पाच जणांच्या फुटबॉल स्पर्धेचे गणित

म्हैसूर : कृत्रिम हिरवळीच्या, जाळीने वेढलेल्या आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या छोट्या मैदानांमुळे पाच जणांचा फुटबॉल देशातील अनेक शहरांच्या वस्त्यांत पोहोचला आहे. नोकरदार, विद्यार्थी, दुकानदार असे मिळून दहा जणांचा संघ उभा राहतो आणि आसपासच्या चार-सहा संघांनी ठरवले की लीग जाहीर होते. मात्र अशा अनेक लीग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विस्कटतात. भांडण दिसते ते एखाद्या गोलवरून किंवा पंचांच्या निर्णयावरून. मूळ कारण बहुधा पहिल्या सामन्यापूर्वी न ठरवलेल्या गोष्टींत असते.

हे समजून घेण्यासाठी म्हैसूर शहरातील सहा वस्त्यांचे संघ गृहीत धरू : कुवेंपुनगर, सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम, विजयनगर, गोकुलम आणि नजरबाद. वस्त्या खऱ्या आहेत. संघ, निकाल आणि रकमा उदाहरणापुरत्या आहेत. प्रत्येक संघ इतर पाचही संघांशी एकदा खेळणार असेल, तर एकूण १५ सामने होतात. दर शनिवारी तीन सामने घेतल्यास पाच शनिवारांत लीग संपते.

शनिवार कोणते, हा पहिला निर्णय. म्हैसूरमध्ये एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळतो, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाचा जोर असतो आणि त्याच सुमारास दसऱ्याच्या गर्दीने शहरातील वाहतूक बदलते. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे विद्यार्थी खेळाडू मिळत नाहीत. त्यामुळे जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. तरीही एक शनिवार राखीव धरावाच लागतो.

मैदानाचा हिशेब वेळेपासून सुरू होतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती आणि पुढील संघ मैदानात येण्यासाठी पाच मिनिटे, म्हणजे एका सामन्याला ५० मिनिटे लागतात. तीन सामन्यांना अडीच तास. संध्याकाळी सहा, सहा पन्नास आणि सात चाळीस अशा वेळा ठरवल्यास साडेआठला मैदान मोकळे होते. तासाला १,२०० रुपये भाडे धरले, तर एका संध्याकाळचे ३,००० आणि पाच संध्याकाळचे १५,००० रुपये होतात. राखीव संध्याकाळचे ३,०००, पंचांचे मानधन सामन्याला ३०० प्रमाणे ४,५०० आणि चेंडू व रंगीत बनियन यांसाठी १,५०० धरल्यास एकूण खर्च २४,००० रुपये. प्रत्येक संघाच्या वाट्याला ४,००० आणि दहा खेळाडूंच्या संघात माणशी ४०० रुपये येतात.

ही रक्कम लीग सुरू होण्यापूर्वी पूर्ण घ्यावी. ‘दर आठवड्याला पाहू’ अशी पद्धत ठेवली की हरणारा संघ आधी पैसे थांबवतो आणि मग खेळायला येणेही थांबवतो. याशिवाय प्रत्येक संघाकडून १,००० रुपये अनामत घ्यावी आणि सर्व सामने खेळणाऱ्याला ती परत द्यावी. मैदानचालकाशी बोलताना भाड्याइतकेच दोन प्रश्न महत्त्वाचे असतात : पावसामुळे किंवा वीज गेल्याने खेळ थांबला तर उरलेली वेळ दुसऱ्या दिवशी मिळेल काय, आणि पाचही शनिवारांचे आरक्षण लेखी मिळेल काय? तोंडी आरक्षणाच्या जागी अधिक पैसे देणारा गट आला की लीगचा शनिवार जातो.

वेळापत्रकाची रीत सोपी आणि जुनी आहे. बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धांत ऑस्ट्रियाचे खेळाडू योहान बर्गर यांच्या नावाने ओळखले जाणारे तक्ते वापरले जातात; त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते. एका संघाला जागेवर स्थिर ठेवायचे. उरलेले पाच संघ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दर फेरीला एकेक घर पुढे सरकवायचे आणि समोरासमोर आलेल्यांचा सामना लावायचा. पाच फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ पडते.

बहुतेक संयोजक येथे थांबतात आणि येथेच चूक होते. या रीतीने काढलेल्या जोड्या कागदावर वरून खाली जशा येतात, तशाच सहा, सहा पन्नास, सात चाळीस या वेळांना लावल्या, तर स्थिर ठेवलेला संघ पाचही आठवडे सहा वाजताच खेळतो. हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत दिवसपाळी करून येणाऱ्या खेळाडूंचा संघ त्या जागी असेल, तर तो दर शनिवारी अपुऱ्या खेळाडूंनिशी उतरेल. कोणाशी खेळायचे हे सर्वांना समान मिळाले. केव्हा खेळायचे हे मात्र नाही.

यावर उपाय म्हणजे जोड्या त्याच ठेवून त्यांच्या वेळा बदलणे. पाच सामने आणि तीन वेळा असल्याने पूर्ण समानता शक्य नाही. पण कोणत्याही संघाला एकच वेळ दोनपेक्षा अधिक वेळा येणार नाही, असे करता येते. आपल्या सहा संघांसाठी तो तक्ता पुढीलप्रमाणे होतो. प्रत्येक ओळीत पहिला सामना सहाचा, दुसरा सहा पन्नासचा आणि तिसरा सात चाळीसचा आहे.

पहिला शनिवार : कुवेंपुनगर–नजरबाद, सरस्वतीपुरम–गोकुलम, जयलक्ष्मीपुरम–विजयनगर.
दुसरा : नजरबाद–विजयनगर, सरस्वतीपुरम–जयलक्ष्मीपुरम, कुवेंपुनगर–गोकुलम.
तिसरा : गोकुलम–जयलक्ष्मीपुरम, कुवेंपुनगर–विजयनगर, नजरबाद–सरस्वतीपुरम.
चौथा : विजयनगर–सरस्वतीपुरम, गोकुलम–नजरबाद, कुवेंपुनगर–जयलक्ष्मीपुरम.
पाचवा : कुवेंपुनगर–सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम–नजरबाद, विजयनगर–गोकुलम.

कुवेंपुनगरचा संघ पाहिला तर तो दोनदा सहाला, एकदा सहा पन्नासला आणि दोनदा सात चाळीसला खेळतो. इतर संघांची बेरीजही अशीच दोन, दोन, एक येते. कोणत्या संघाला तक्त्यातील कोणती जागा, हे सर्व कर्णधारांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवले की संयोजकाने आपल्या संघाला सोयीच्या वेळा घेतल्याचा आरोप उरत नाही.

शेवटच्या शनिवारची अडचण वेगळी आहे. १९८२च्या विश्वचषकात अल्जीरियाचा गटातील शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. २५ जूनला स्पेनमधील खिखोन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा कोणता निकाल दोघांनाही पुढे नेईल, हे त्यांना ठाऊक होते. जर्मनीने सुरुवातीलाच एक गोल केला आणि त्यानंतर दोन्ही संघांनी जवळपास चेंडू फिरवत वेळ काढला. अल्जीरिया बाहेर पडला. पुढच्या, म्हणजे १९८६च्या विश्वचषकापासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी घेतले जाऊ लागले.

एकाच भाड्याच्या मैदानावर ते शक्य नाही. शेजारी दुसरे मैदान असेल, तर शेवटच्या दिवशी ते तासभर घेणे हा उत्तम मार्ग. नसेल, तर पाचव्या शनिवारच्या वेळा बदलू शकतात, असे नियमांत आधीच लिहावे आणि चौथ्या फेरीनंतर ज्या सामन्याचा विजेतेपदाशी संबंध उरलेला नाही तो प्रथम घ्यावा. वेळांची समानता त्यात थोडी बिघडते. पण दुसऱ्याचा निकाल पाहून खेळण्याच्या लाभापेक्षा ते नुकसान लहान आहे.

गुण समान झाल्यास काय, हेही आधीच लिहिलेले असावे. सर्वत्र गोलफरकाची सवय आहे. छोट्या लीगमध्ये मात्र एखादा संघ चारच खेळाडूंनिशी आला आणि १२ गोलांनी हरला, तर त्या दिवशी त्याच्यासमोर असलेल्या संघाचे भाग्य उजळते. म्हणून समान गुणांच्या संघांमधील परस्पर सामन्याचा निकाल प्रथम आणि गोलफरक नंतर, हा क्रम अधिक न्याय्य ठरतो.

सर्वांत कडवट वाद होतो तो संघाने मध्येच माघार घेतल्यावर. दोन शनिवारांनंतर गोकुलमने लीग सोडली, असे समजू. तोवर ते सरस्वतीपुरमकडून सहा-शून्यने हरले होते आणि कुवेंपुनगरशी त्यांची एक-एक अशी बरोबरी झाली होती. उरलेल्या तिघांना न खेळता तीन-शून्य असा विजय दिला, तर जयलक्ष्मीपुरम, नजरबाद आणि विजयनगर यांना प्रत्येकी तीन गुण मिळतात. प्रत्यक्ष मैदानात झुंजलेल्या कुवेंपुनगरला मात्र एकच. हा निकाल कुणालाही पटणार नाही.

त्यामुळे निम्म्याहून कमी सामने खेळून बाहेर पडणाऱ्या संघाचे सर्व निकाल रद्द करावेत. उरलेले पाच संघ एकमेकांशी खेळलेल्या चार-चार सामन्यांवर मोजले जातात. सरस्वतीपुरमचे तीन गुण जातात, हे खरे. पण गोकुलमकडून आता कोणालाच काही मिळत नाही. तीन किंवा अधिक सामने खेळून संघ गेला, तर झालेले निकाल कायम ठेवून उरलेले सामने तीन-शून्य धरावेत. बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धांतही निम्म्या डावांचाच निकष आहे. नियम माघारीनंतर ठरवायला बसले, तर प्रत्येक कर्णधार आपल्या गुणांकडे पाहून मत देतो.

मैदानावरील नियमांसाठी फुटसालची नियमावली आधाराला घेता येते : गोलरक्षकासह पाच खेळाडू, अमर्याद बदली, ऑफसाइड नाही आणि चेंडू रेषेबाहेर गेल्यास पायाने आत. सामना सुरू करण्यास किमान तीन खेळाडू लागतात. भाड्याच्या मैदानासाठी दोन गोष्टी स्वतंत्र लिहाव्या लागतात. वरच्या जाळीला चेंडू लागल्यास काय, आणि उशीर झाल्यास काय. घड्याळ ठरलेल्या वेळी सुरू करावे. उशिरा आलेल्या संघासाठी पुढील सामना ढकलला की रात्री साडेआठला मैदानचालक दिवे बंद करतो आणि शिक्षा तिसऱ्या सामन्यातील संघांना होते.

तक्रारी दोन प्रकारच्या असतात आणि त्या वेगळ्या ठेवणे हेच अर्धे काम आहे. गोल झाला की नाही, फाउल होता की नाही, या खेळातील घटनांवर पंचांचा निर्णय अंतिम असतो. त्यावर तक्रार स्वीकारूच नये. मोबाइलवरील चित्रफीत एका संघाने आपल्या बाजूने टिपलेली असते आणि एकदा ती पाहिली की पुढे प्रत्येक सामन्याची पाहावी लागते. नोंदणी नसलेला खेळाडू, गुणपत्रिकेतील चूक किंवा नियम लावण्यातील गफलत यांवर मात्र तक्रार ग्राह्य धरावी.

नजरबादने नोंदणी यादीत नसलेला खेळाडू उतरवला, अशी तक्रार सरस्वतीपुरमने केली असे समजू. कर्णधाराने ती सामन्यानंतर २४ तासांत लेखी द्यावी, सोबत ३०० रुपये भरावेत आणि तक्रार खरी ठरल्यास ते परत मिळावेत. निर्णय तीन जणांनी घ्यावा. त्यांत या दोन्ही संघांचे कोणी नसावे. हे तिघे यादी पाहतात, पंचांनी सामन्याआधी नोंदवलेली नावे तपासतात आणि नजरबादच्या कर्णधाराचे म्हणणे ऐकतात. नाव यादीत नसेल, तर सामना तीन-शून्यने सरस्वतीपुरमला जातो, मग मैदानावर कोणीही जिंकलेले असो. निर्णय बुधवारपर्यंत कारणासह सर्व कर्णधारांना कळवावा, म्हणजे शनिवारी मैदानात उतरताना गुणतक्ता प्रत्येकाला ठाऊक असतो.